लाल दिवे डावीकडं

आमच्या गावात सध्या असं बोललं जातं की म्हाताऱ्यानं एका फोटोवरनं नातीचं स्थळ मोडलं. पारावर, डेअरीच्या रांगेत, सलूनच्या बाकड्यावर, जिथं जावं तिथं हेच. एकानं तर मला तोंडावर विचारलं, "आबा, तुमी पोरगं बघितलं का रस्ता बघितला?" मी त्याला म्हटलं, दोन्ही बघितलं. पण ऐकायला थांबतो कोण. त्याला हसायचं होतं, तो हसून गेला. म्हणून मी हे लिहून काढतोय. शाळा माझी चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे. पण गोष्ट सरळ आहे आणि ती मी सरळच सांगणार.

मी फौजेत ड्रायव्हर होतो. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यात काही नवल नाही. सगळी नोकरी स्टेअरिंगवर गेली. बर्फात चालवली, वाळवंटात चालवली. एकदा आमची तुकडी शांतिसेनेत आफ्रिकेतल्या एका देशात गेली. तिथं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायच्या. आपल्या बरोबर उलट. आणि आमचे ट्रक इथनंच जहाजातनं नेलेले, म्हणजे स्टेअरिंग आपल्यासारखं उजवीकडं. आता विचार करा. गाडी उजव्या कडेनं चाललीय आणि मी पण उजवीकडंच बसलोय, म्हणजे पार गटाराच्या काठाला. पुढं एखादी सावकाश गाडी लागली तर तिच्या पलीकडचं मला काही दिसायचं नाही. मग डाव्या बाजूला बसलेला जोडीदार मुंडी बाहेर काढून सांगायचा, "मोकळं हाय, काढ." त्याच्या एका शब्दावर मी ट्रक बाहेर काढायचो. तो बेळगावकडचा होता. त्याच्या त्या एका शब्दावर आमचे दोघांचे जीव होते.

पहिल्याच आठवड्यात मी छावणीच्या फाटकातनं बाहेर पडलो आणि सवयीनं डाव्या बाजूला घुसलो. समोरनं पाण्याचा टँकर. त्यानं ब्रेक मारला, मी मारला, दोघांच्या बंपरमध्ये माणूस आडवा उभा राहील एवढीच जागा. साहेबानं माझी अशी काही हजामत केली की अजून आठवते. पण त्या दिवसापासनं बाजू हा प्रकार माझ्या डोळ्यांत बसला. चालताना पण. आपण रस्ता ओलांडताना आधी उजवीकडं बघतो, कारण जवळची गाडी तिकडनं येते. तिथं उजवीकडं बघत पाय टाकला तर डावीकडनं येणारी गाडी उडवणार. मान बदलावी लागली. मान बदलायला गाडी बदलण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

हे एवढं सांगायचं कारण, पुढं जे झालं ते ह्याच्यावरच झालं.

माझी नात सांगलीला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. रक्त-लघवी तपासायचं काम. रोज एसटीनं जाते-येते, स्वतःच्या पगाराचं खाते, कुणाला मिंधी नाही. तिच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा माझ्या पोरानं, म्हणजे तिच्या बापानं, डोक्यात घेतलं की जावई बाहेरदेशी असलेला पाहिजे. का, तर चुलत भावाचा जावई कतारला आहे. एवढंच कारण. मी त्याला म्हटलं, "आरं, तुझा बाप परदेशात जाऊन आला, काय शिंगं फुटली का मला?" तर म्हणतो, "आबा, तुमी सरकारी खर्चानं गेला व्हता." 

मग खानापूरकडनं एक स्थळ आलं. ती दुष्काळी बाजू. तिकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात. म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. भारताच्या कुठल्याही सराफ बाजारात जा, एखाद्या गल्लीच्या टोकाला आपल्या खानापूर-आटपाडीचा गडी भट्टीपुढं बसलेला सापडणारच. फौजेत असताना मी असे गडी लांब लांबच्या गावांत बघितलेत. मराठी कानावर पडलं की आत बोलावून चहा पाजायचे. मला त्या माणसांचा आदर आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

स्थळ घेऊन आला पोराचा मामा. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाईल, बोलणं साखरेत घोळलेलं. म्हणाला, आमचा भाचा गलाईच्या फंदात पडला नाही, तो दुबईला आहे. सोन्याच्या मोठ्या पेढीत, एसीत बसून काम. आणि मोबाईलवर फोटो दाखवला. माझ्या पोरानं तो फोटो स्वतःच्या फोनवर घेतला, मोठा करून घेतला आणि भावकीत फिरवला. दोन दिवसांत सगळ्या गावाला माहीत की ह्यांच्याकडं दुबईचा जावई येणार. अजून पोरीनं पोराला बघितलं नव्हतं, पण दुबई सगळ्यांनी बघून घेतली.

फोटो मी सगळ्यात शेवटी बघितला. म्हाताऱ्याला कोण आधी दाखवतंय. फोटोत संध्याकाळची वेळ. पोरगा रस्त्यावरून जाणाऱ्या पादचारी पुलावर कठड्याला टेकून उभा. दिसायला बरा, हसरा. मागं काचेच्या उंच उंच इमारती. आणि खाली पुलाच्या खालनं सरळ लांब जाणारा रुंद रस्ता, मधोमध दुभाजक. गाड्यांचे दिवे लागलेले. गाड्या अशा बारीक की कुठल्या कंपनीच्या, काय नंबर, काही कळत नव्हतं. नुसते दिवे. आणि त्या दिव्यांनीच माझा डोळा धरला. दुभाजकाच्या डावीकडं सगळे लाल दिवे. उजवीकडं सगळे पांढरे.

मी फोन खाली ठेवला आणि म्हटलं, "हे दुबई न्हाई."

माझी सून हातातलं ताट तसंच धरून थांबली. माझा पोरगा म्हणाला, "झालं ह्यांचं सुरू."

मी समजावून सांगितलं. लाल दिवा गाडीच्या पाठीला असतो, पांढरा तोंडाला. फोटोत लाल दिवे दिसतायत म्हणजे त्या गाड्या आपल्याकडं पाठ करून पुढं चालल्यात. त्या डाव्या बाजूनं चालल्यात. पांढरे दिवे म्हणजे समोरनं आपल्याकडं येणाऱ्या गाड्या, त्या आपल्या उजव्या हाताला. म्हणजे रस्ता आपल्यासारखा, डावीकडनं चालणारा. दुबईत गाड्या उजवीकडनं चालतात. तिथं असता तर लाल दिवे उजवीकडं आणि पांढरे डावीकडं दिसले असते. ह्यात शिकायचं काही नाही, आपल्या हायवेच्या पुलावर संध्याकाळी जाऊन उभं राहिलं की कळतं.

"आबा, हायवेवर उसाचे ट्रॅक्टर कुठल्या बी बाजूनं येत्यात," पोरगा म्हणाला. "मग कराड काय दुबईत हाय का?"

सगळे हसले. मला राग आला, कारण बोलणं खोटं नव्हतं. कारखाने चालू झाले की आमच्याकडं दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर सर्विस रोडनं बिनधास्त उलटा येतो. पण तो एकटा येतो. एक गडी चुकला म्हणून रस्त्याचा नियम बदलत नाही. फोटोत एक गाडी नव्हती, दोन्हीकडं दिव्यांच्या ओळी होत्या, पार इमारतींच्या बुडापर्यंत. अख्खा गाव एकदम चुकीच्या बाजूनं चालत नसतो. हे मी सांगितलं. पण हसून झाल्यावर कोण ऐकतंय.

वर माझं पोरगं म्हणतंय, "तुमाला दुबई कवा दिसली?" मी बघितलेली नाही. पण आफ्रिकेतनं परत येताना विमान आखाताच्या एका विमानतळावर थांबलं होतं, तिथं काचेतनं बघितलेला रस्ता मला आठवतो. आणि आखाताला गेलेला आपल्याकडचा कुठलाही ड्रायव्हर सांगेल की तिकडं सगळीकडं उजवी बाजू. त्यासाठी दुबई बघावी लागत नाही.

संध्याकाळी नात कामावरनं आली. तिला मी दाखवलं. पोरगी माझ्यासारखी आहे, पटकन हो म्हणत नाही. तिनं फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "आबा, एक शंका हाय. पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला असेल तर काही फोनमधी फोटो आरशासारखा उलटा सेव्ह होतो. मग उजवं डावं होतं."

हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं असं कसं होईल. तिनं फोन घेतला, माझाच फोटो काढून दाखवला. मिशीला डावीकडं एक पांढरा केस जाडा आहे माझ्या, तो उजवीकडं गेला. माझ्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे सगळे उलटे. मग तिनं फोनमधली एक खूण बदलून पुन्हा काढला, तर सरळ. मला ते पटलं, पण आवडलं नाही. दिवसभर छाती पुढं काढून बोललो होतो.

"मग दुबई असंल म्हणतीस?"

"असं न्हाई म्हणत. फोटो सरळ हाय का उलटा, ते आधी ठरवायला पायजे. म्हंजे मग बाजूचा काय तरी अर्थ."

फोटोत पाटी शोधली. अक्षर वाचता आलं तर लगेच कळलं असतं, पण वाचता येईल अशी पाटी एकही नव्हती. कोपऱ्यावर एक होती ती अर्धी कापलेली. मला तेव्हाच वाटलं की कुणीतरी जाणून कापलीय. मग आम्ही आजोबा-नात फोटोतल्या पोराकडंच बघत बसलो, वर-खाली, जणू तोच पाटी आहे. आणि मला दिसला त्याच्या शर्टाचा खिसा. पुरुषाच्या शर्टाला खिसा डाव्या छातीवर असतो. समोर उभ्या माणसाची डावी छाती आपल्या उजव्या हाताला येते. फोटोत खिसा आपल्या उजव्या हातालाच होता. जिथं असायला पाहिजे तिथं. म्हणजे फोटो सरळ.

"शिंप्यानं उजवीकडं लावला असंल तर?" नात म्हणाली.

"असा शिंपी मला दाखव."

ती हसली. मग म्हणाली की बटणपट्टी पण बघू, आणि ती पण पुरुषाच्या शर्टाला असते तशीच होती. तेव्हा तिनं मान हलवली. "दुबई न्हाई हे खरं."

मी लगेच म्हटलं, "मग भारतातच हाय लबाड."

"तसं बी म्हणता येत न्हाई," ती म्हणाली. "डावीकडनं चालणारे देश लय हायत. नेपाळ, श्रीलंका, मलेशिया, थायलंड, इंग्लंड, जपान सुद्धा. बाजू बघून हे कुठलं न्हाई ते कळतं, कुठलं हाय ते न्हाई कळत."

रागात असताना असं कुणी बरोबर बोललं की जास्तच राग येतो. पण मी ते कबूल केलं. तिच्या लॅबमध्ये पण असंच चालतं म्हणे, एक आजार नाही एवढं कळतं, कुठला आहे ते पुढं बघायचं. मी म्हटलं, ठीक. आजार खोटं बोलण्याचा आहे, एवढं तर कळलं.

इथं एक सांगतो. माझा राग पोरगा दुबईला नाही ह्याचा नव्हता. दुबई माझ्या पोराला पाहिजे होती, मला नाही. माझा राग हा, की एका पोरीचा जन्म जिथं जायचा ते ठिकाणच खोटं सांगायचं. लग्न होऊन ती कुठं उतरणार होती? विमानाचं तिकीट काढून बसली असती तर विमान कुठं गेलं असतं? ठिकाण खोटं तर मग बाकीचं काय काय खोटं असेल? आणि आमच्या घरातले सगळे म्हणतायत, आबा, जाऊ द्या, नका ताणू, स्थळ जाईल. स्थळ कुठलं? ते कुठं आहे हेच तर माहीत नाही.

रविवारी मामा पुढची बोलणी करायला आला. सोबत पोराची आई पण होती, साधी बाई, पदर डोक्यावर, बोलायची नाही. मी ठरवलं होतं की आपण ओरडायचं नाही. मी नुसतं विचारलं, "पावणं, दुबईत गाड्या कुठल्या बाजूनं चालत्यात?"

मामा म्हणाला, "आता त्याचं काय एवढं?"

"सांगा की."

"आपल्यासारख्याच की, डाव्या. सगळ्या जगात सारखंच असतंय."

माझ्या पोरानं पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडं बघितलं. कारण कतारच्या जावयाचा व्हिडिओ त्यानंच मला चार वेळा दाखवला होता, गाडीत बसून काढलेला, आणि त्यात गाडी उजवीकडनं चालली होती. तेव्हा त्यानंच मला विचारलं होतं की आबा, हे असं का. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं नजर खाली घातली.

मग मी तो फोटो पुढं केला आणि लाल-पांढऱ्या दिव्यांचं सांगितलं. मामा आधी म्हणाला, तो रस्ता वनवे असेल. मी म्हटलं, वनवे असता तर सगळे दिवे एकाच रंगाचे दिसले असते. मग म्हणाला, मोबाईलमध्ये फोटो उलटा होतो हो. नातीनं खिसा दाखवला. मग म्हणाला, "एवढं कोण बघतं फोटोत? माणूस बघायचा." हे मात्र मला लागलं. मी म्हटलं, "माणूसच बघतोय. तो कुठं उभा हाय तेच बघतोय."

मामा उठायला लागला. म्हणाला, असल्या चौकशा करणाऱ्या घराशी आम्हाला सोयरीक करायचीच नाही. माझी सून रडकुंडीला आली. माझा पोरगा मला म्हणाला, "झालं समाधान?"

तेवढ्यात नात म्हणाली, "मामा, बसा जरा. तुमीच त्यांचा नंबर दिला व्हता, पोरांनी बोलून घ्यावं म्हणून. मी अजून बोलले न्हाई. आत्ता बोलते."

मामा म्हणाला, "आत्ता तो ड्युटीवर असेल. तिकडं वेळ वेगळी."

"दीड तास मागं. म्हंजे तिकडं पण उजेडच असणार," ती म्हणाली आणि व्हिडिओ कॉल लावला. सगळ्यांसमोर. आवाज मोठा ठेवून.

पोरानं उचलला. मागं भिंत काळी पडलेली, हातात चिमटा, घामाघूम. नातीनं कोण बोलतंय ते सांगितलं. तो गडबडला, चिमटा खाली ठेवला, हात शर्टाला पुसला. ती म्हणाली, "एक विनंती हाय. जरा बाहेर रस्त्यावर जाऊन मला रस्ता दाखवता का? नुसता रस्ता. बाकी काय नको."

त्यानं मागं दाराकडं बघितलं. मामा पुढं होऊन काहीतरी बोलणार होता, मी हात आडवा घातला. पोराची आई पहिल्यांदा बोलली. हळू आवाजात, पण सगळ्यांनी ऐकलं. "दाखव रं बाळा."

तो उठला. पायऱ्या उतरल्याचं दिसलं. दुकानाचं शटर, गल्ली, मग मोठा रस्ता. त्यानं कॅमेरा फिरवून धरला. पिवळ्या रिक्षा, दुचाक्या, एक सरकारी बस, सगळं आपलं डाव्या बाजूनं, आणि कडेच्या दुकानांवर तेलुगू अक्षरं. एक मोटरसायकलवाला उलट्या बाजूनं आला, त्याला रिक्षावाल्यानं शिवी दिली. ती शिवी पण आपल्या देशातली होती.

"हैदराबाद हाय," तो म्हणाला. कॅमेरा अजून रस्त्यावरच होता, तोंड दाखवायचं त्याला धाडस नव्हतं. "गलाईचं दुकान हाय. आमचंच. आज्ज्यापासनं. तो फोटो मी सुट्टीच्या दिवशी काढून आईला पाठवला व्हता. दुबई मी म्हणलो न्हवतो. पण मामा म्हणत्यात ते मला कळलं व्हतं, आन्‌ मी गप्प बसलो."

नातीनं बरं म्हणून फोन ठेवला. मग मीच बोललो, आणि ठरवलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा झाला. मी मामाला म्हटलं, "आवं, हैदराबाद काय कमी हाय? आज्ज्यापासनंचं दुकान हाय म्हणतोय पोरगा. स्वतःची भट्टी, स्वतःचं नाव, सोनं वितळवून देणारा हात. ते लपवून तुमी त्याला दुसऱ्याच्या एसीत नेऊन बसवलं?"

मामा पण चिडला. आणि त्यानं जे सांगितलं ते मला ऐकून घ्यावं लागलं. म्हणाला, "आबा, पाच ठिकाणी खरं सांगितलं. गलाई म्हणलं की लोक म्हणत्यात, धुरात काम, ॲसिडात काम, परमुलखात भाड्याची खोली, नको. दुबई म्हणलं की दारात गाडी पाठवत्यात. तुमच्याच पोरानं विचारलं, बाहेरदेशी हाय का. पहिला प्रश्न तोच. पोराचं नाव बी विचारलं न्हवतं अजून."

मी माझ्या पोराकडं बघितलं. तो भिंतीकडं बघत होता. मग मी ह्या दोघांतल्या कुणावर ओरडायचं? मी दोघांवर ओरडलो. मामाला म्हटलं, ह्या उंबऱ्यावर पुन्हा यायचं नाही. पोराला म्हटलं, तुझ्या तोंडातनं दुबईचं नाव परत निघालं तर तू पण नाही. दोघं बाहेर गेले, एक रस्त्याकडं, एक गोठ्याकडं. पोराची आई मात्र बसून राहिली. माझ्या सुनेनं तिला चहा दिला. ती बाई म्हणाली, "मला पहिल्यापास्नं पटत न्हवतं. पण भावापुढं बोलता येत न्हाई."  तिनं एक वाक्य बोलून जे केलं ते आम्हा पुरुषांत कुणी केलं नव्हतं.

गावाला एवढंच दिसलं की मामा तणतणत बाहेर पडला. म्हणून गाव म्हणतं, म्हाताऱ्यानं मोडलं.

त्या दिवशी मी पण म्हणालो होतो, संपलं. नातीनं विचारलं, "का?"

"का म्हंजे? खोटं बोलला."

"खोटं मामा बोलला. हे गप्प बसले. ते पण चूकच हाय, मी त्यांना तसं सांगणार हाय. पण आबा, त्यांनी फोन कट केला असता तर? रेंज न्हाई म्हणाले असते तर? मी रस्ता दाखवा म्हणलं तर ते उठून रस्त्यावर गेले. आपुन पकडले जाणार हे माहीत असून गेले."

मी म्हटलं ते आईच्या सांगण्यावरनं गेला. ती म्हणाली, आईचं ऐकतो हे वाईट का? ह्या पोरीशी वाद घालणं मला झेपत नाही. मी एक अट घातली: येऊ दे, पण मामाशिवाय. एकटा, एसटीनं. कुणी गाडी पाठवणार नाही, कुणी फटाके वाजवणार नाही.

तो आला. मी फाट्यावर उभा होतो. उसाचा हंगाम जोरात होता. बोलणं काय सुरू करावं हे दोघांनाही कळेना. मी म्हटलं, "चल," आणि सर्विस रोड ओलांडायला निघालो. सवयीनं उजवीकडं बघितलं. रस्ता मोकळा. पाय टाकला. तेवढ्यात त्यानं माझा दंड धरून मला मागं ओढलं. डावीकडनं, उलट्या बाजूनं, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मोठ्यानं गाणी लावलेला, आमच्या नाकापुढनं गेला. उसाचं एक टोक माझ्या टोपीला लागलं. मी त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या. त्याला ऐकू गेलं नसेल, पण मी काढल्या. उलट्या बाजूनं येणाऱ्या माणसाला मी जन्मात माफ केलेलं नाही.

नातीनं त्याला दिव्यांचं सगळं सांगितलं होतं. माझं थांबल्यावर पोरगा हळूच म्हणाला, "आबा, आत्ता कुणी ह्याचा फोटो काढला असता तर आपुन दुबईत असतो."

मी हसलो नाही. एवढ्या लवकर हसणं बरं दिसत नाही. पण मी त्याच्याकडं नीट बघितलं. हातावर ॲसिडाचे जुने डाग होते, आणि त्यानं ते लपवायला बाही खाली ओढली नव्हती.

"एका ट्रॅक्टरनं देश ठरत न्हाई," मी म्हटलं. "ओळ बघायची असती. दोन्हीकडची."

"व्हय," तो म्हणाला. "हैदराबादला पुलावरनं रोज बघतो. लाल दिवे डावीकडं."

नातीनं त्याच्याशी बोलून हो म्हटलं. ठरलंय. पत्रिकेत पोराच्या नावाखाली काय छापायचं ह्यावर माझं आणि माझ्या पोराचं परत भांडण झालं. त्याला नुसतं "व्यवसाय, हैदराबाद" पाहिजे होतं. मी म्हटलं, गलाई छापायचं. मोठ्या अक्षरात. तो म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक आत्ता काय म्हणतायत ते ऐकलंस का? म्हाताऱ्यानं स्थळ मोडलं म्हणतायत. पत्रिका हातात पडली की वाचतील, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला मी वाचून दाखवीन. चौथी शिकलोय तेवढ्यासाठी.